तारा बसवल्यानंतरचा पहिला आठवडा: मऊ, पण गोड नसलेले जेवण

मुलाच्या दातांना तारा बसवून घरी आणले की घरातल्या मोठ्यांना पहिल्यांदा आठवतो तो शिरा. त्यामागोमाग खीर, दुधात बुडवलेली बिस्किटे, आइस्क्रीम, मिल्कशेक असे सगळे रांगेत येऊन उभे राहते, कारण आपल्याकडे आजाऱ्याचे मऊ खाणे म्हणजे गोड खाणे असे जणू ठरूनच गेलेले आहे. एरवी त्यात फारसे बिघडत नाही. तारांच्या पहिल्या आठवड्यात मात्र बिघडते, कारण याच दिवसांत दात दुखत असल्यामुळे मूल ब्रश नीट करत नाही, आणि याच दिवसांत अन्न अडकून राहायला दातांवर चिकटवलेल्या छोट्या ब्रॅकेटच्या कडा, त्यांतून जाणारी वायर आणि रबर अशा कितीतरी नव्या जागा तयार झालेल्या असतात. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, ते आम्ल दातांच्या वरच्या थरातले खनिज काढून घेते, आणि ब्रॅकेटच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग उमटू लागतात. स्वच्छता आणि खाणे दोन्ही बिघडले तर असे डाग महिन्याभरातही दिसू शकतात. तारा काढल्यावर दात सरळ रांगेत आलेले असतात, पण प्रत्येक दातावर चौकोनी पांढरी चौकट राहिलेली असते.

म्हणून या लेखात पहिल्या सात दिवसांचे जेवण दिले आहे, आणि तेही आपल्या रोजच्या स्वयंपाकातलेच. उदाहरण आमच्या घरचे आहे. माझ्या मुलीला ती 12 वर्षांची असताना वरच्या आणि खालच्या दातांना धातूच्या ब्रॅकेटच्या तारा बसवल्या, आणि त्या आठवड्यात आम्ही बरेच काही चुकतमाकत शिकलो.

पायरी 1: तारा बसवायच्या आधीच दोन गोष्टी उरकून ठेवा

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी घरात तांदळाचे पीठ, नाचणीचे पीठ, मुगाची डाळ, दही आणि अंडी आहेत ना, हे पाहून ठेवावे. एवढ्यावर पहिले तीन दिवस निघतात. संध्याकाळी दुखायला लागल्यावर दुकानात जाऊन काहीतरी तयार आणायचे म्हटले की हाताला हमखास गोड वस्तूच लागते.

दुसरी गोष्ट रबराच्या रंगाची आहे. वायर ब्रॅकेटमध्ये धरून ठेवण्यासाठी जी बारीक रबरे लावतात, त्यांचा रंग बहुतेक ठिकाणी मुलांना निवडू देतात. पांढरी किंवा पारदर्शक रबरे हळदीने दोन दिवसांत पिवळी पडतात, आणि आपल्या घरी हळद नसलेले जेवण शोधायचे तर दहीभातापाशीच येऊन थांबावे लागते. करडा, निळा किंवा गडद हिरवा रंग घेतला तर वरणाला घाबरायचे कारण उरत नाही. रबर पिवळे पडले तरी त्याने दाताला काही अपाय होत नाही आणि पुढच्या भेटीत ते बदलले जाते, त्यामुळे ते घासून पांढरे करायच्या फंदात पडू नये.

पायरी 2: दुखणे सुरू होण्याआधीच्या तासांचा उपयोग करा

तारा बसवल्या त्या वेळी दुखत नाही. दातांवर पडलेल्या ताणामुळे मुळांभोवतीच्या पडद्याला हळूहळू सूज येते, आणि दुखणे साधारण चार ते सहा तासांनी जाणवू लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत ते सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत बहुतेक ओसरते. आमची अपॉइंटमेंट शुक्रवारी दुपारी तीनची होती. पाच वाजता मुलगी हसत घरी आली, काहीच दुखत नाही म्हणाली, आणि सातला मी तिच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी वाढली. खिचडी मऊ असते, हे माझे गणित होते. दाण्याच्या कुटातला एक अर्धवट राहिलेला दाणा नेमका मागच्या दाताखाली आला आणि खालच्या बाजूचे एक ब्रॅकेट सुटून वायरीवर गोल फिरू लागले. शिवाय उरलेला साबुदाणा चिकट लगद्यासारखा सगळ्या वायरींना धरून बसला होता, आणि तोपर्यंत दुखायला लागल्यामुळे ती ब्रश लावू देईना.

त्यामुळे घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, दुखायच्या आत, मुलाला पोटभर पण मऊ असे जेवण द्यावे: मऊ भात, घोटलेले वरण, तूप, सोबत एखादे उकडलेले अंडे कुस्करून. ब्रॅकेट चिकटवण्याच्या पदार्थाबाबत डॉक्टरांनी काही वेळ थांबायला सांगितले असेल तर तेवढे थांबावे. रात्री भूक अर्धी झालेली असते, म्हणून संध्याकाळचे हे जेवण महत्त्वाचे.

पायरी 3: काय चालेल ते चमच्याने ठरवा

काय खावे आणि काय खाऊ नये यांच्या लांबलचक याद्या क्लिनिकमधून मिळतात, पण त्यांत उकड, आंबील किंवा पिठले क्वचितच सापडते. आम्ही याद्या बाजूला ठेवून एक साधी कसोटी धरली. पहिले दोन दिवस जो पदार्थ जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून विरघळतो तोच द्यायचा, म्हणजे दात लागायचाच नाही. तिसऱ्या दिवसापासून जो पदार्थ चमच्याच्या कडेने, जोर न लावता, सहज तुटतो तो चालतो. सहाव्या-सातव्या दिवसापासून जो बोटांनी ओढून तुटतो, उदाहरणार्थ मऊ पोळी, तो लहान तुकडे करून मागच्या दातांनी खाता येतो.

जे या तिसऱ्या कसोटीतही बसत नाही ते दुखणे थांबल्यावरसुद्धा, तारा आहेत तोपर्यंत बाहेरच राहते: चिक्की, फुटाणे, कडक चकली, मक्याचे कणीस दाताने सोलून खाणे, ऊस, अख्खा पेरू, पॉपकॉर्न, बर्फ फोडणे. सफरचंद आणि गाजर किसून किंवा शिजवून चालते.

पायरी 4: पहिले दोन दिवस उकड आणि आंबील

या दोन दिवसांसाठी तांदळाच्या उकडीइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा सापडलेला नाही. ती चावावी लागत नाही, पोट भरते, तिच्यात साखरेचा कणही लागत नाही, आणि ताकामुळे थोडी तरी प्रथिने पोटात जातात. एरवीपेक्षा ती सैल करायची. एक वाटी तांदळाच्या पिठाला दोन वाट्या ताजे, आंबट न झालेले ताक आणि दोन वाट्या पाणी घ्यावे. पीठ आधी ताकात गुठळी न ठेवता कालवून घ्यावे आणि मग पाणी मिसळावे. पातेल्यात दोन चमचे तेल तापवून त्यात हिंग, थोडी हळद, ठेचलेला लसूण आणि किसलेले आले परतावे, लसणाचा वास सुटला की कालवलेले पीठ ओतून मंद आचेवर सतत ढवळावे. दाटसर झाले की मीठ घालून झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटे वाफ काढावी. पळी उचलल्यावर उकड तिच्यावरून सावकाश ओघळली पाहिजे. गोळा होऊन पडली तर अर्धी वाटी गरम पाणी घालून पुन्हा ढवळावे. पीठ कच्चे राहिले तर उकड टाळूला चिकटते, शिजले की ती तकतकीत दिसते आणि चमच्यावरून सुटते.

फोडणीत मोहरी, अख्खे जिरे आणि मिरचीचे तुकडे घालू नयेत. हे मी पहिल्या दिवशी ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन मुलीच्या तोंडात पाहिले तेव्हा वरच्या सुळ्याच्या ब्रॅकेटच्या पंखाखाली मोहरीचा एक दाणा अगदी मापाने बसवल्यासारखा अडकला होता, आणि बाजूच्या वायरीला कढीपत्त्याचा शिरेचा धागा गुंडाळला होता. कढीपत्त्याचा स्वाद हवा असेल तर पाने तेलात टाकून, कुरकुरीत होण्याआधी काढून घ्यावीत. जिऱ्याऐवजी जिरेपूड घालावी.

सकाळी किंवा शाळेतून आल्यावर नाचणीचे आंबील द्यावे. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात कालवून, दीड वाटी उकळत्या पाण्यात ओतावे आणि ढवळत सहा-सात मिनिटे शिजवावे. कोमट झाल्यावर त्यात अर्धी वाटी ताजे ताक, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड मिसळावी. गुळाची नाचणी मुलांना जास्त आवडते हे खरे, पण दातांच्या दृष्टीने गूळ, मध आणि साखर यांत फरक नाही. फ्रिजमध्ये ठेवून गार केलेले आंबील दुखऱ्या दातांना विशेष बरे वाटते. तारांच्या सुरुवातीला ज्या निकेल-टायटॅनियमच्या वायरी वापरतात, त्यांपैकी उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या वायरी गारव्याने तात्पुरत्या मवाळ पडतात, आणि गारव्याने सूजही थोडी शमते. म्हणून मूल आइस्क्रीम मागते तेव्हा त्याला खरे तर गारवा हवा असतो, आणि तो गार आंबील, गार ताक किंवा फ्रिजमधले साधे दही यांतूनही मिळतो.

गाल किंवा ओठ ब्रॅकेटला घासून सोलले असतील तर मात्र ताक आणि तिखट दोन्ही झोंबतात. अशा वेळी उकड ताकाऐवजी पाण्यात करून वर तूप घालावे आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर डॉक्टरांनी दिलेले मेण लावावे. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्या की दोन दिवसांत जखम बसते.

पायरी 5: तिसऱ्या दिवसापासून ताटाकडे परत या

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आज काहीतरी जेवणासारखं दे ना." त्या दिवशी मुगाची आसट खिचडी केली: अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, मूठभर किसलेला लाल भोपळा, पाच वाट्या पाणी, कुकरच्या पाच शिट्ट्या, आणि नंतर रवीने चार वेळा घोटणे. वर तूप. भोपळ्यामुळे खिचडीला अंगचीच किंचित गोडी येते, आणि गोड मागणाऱ्या मुलाला तेवढी बहुधा पुरते.

याच टप्प्यावर पातळ पिठले आणि मऊ भात, वरणात कुस्करून दहा मिनिटे भिजवलेली पोळी, सांबारात बुडवलेली इडली, लोण्यात किंवा तुपात मऊ ठेवलेली अंड्याची भुर्जी, आणि हाताने कुस्करलेले ताजे पनीर हे सगळे चालते. पालेभाजी द्यायची तर देठ काढून, बारीक चिरून, डाळीत शिजवून घोटून द्यावी, कारण मेथी-पालकाचे लांब धागे वायरीला अडकतात. शेवग्याच्या शेंगा या आठवड्यात नकोत. मासे खाणाऱ्या घरांत मऊ मासा चांगला, पण काटे मोठ्या माणसाने काढून द्यावेत, कारण तोंड दुखत असताना मुलाला जिभेने काटा शोधता येत नाही.

पोहे आणि ब्रेड यांच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. हे दोन्ही मऊ असतात, म्हणून सगळे ते देतात. पण चावल्यावर त्यांचा चिकट लगदा होतो आणि तो ब्रॅकेटच्या कडांना धरून बसतो. त्यातल्या पिठूळपणापासूनही जंतू आम्ल करतात. भिजवलेल्या बिस्किटांचे तर दुहेरी नुकसान आहे, कारण त्यांत साखरही असते. द्यायचेच असतील तर पोहे जेवणाच्या वेळी द्यावेत, अधूनमधून तोंडात टाकायला देऊ नयेत, आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरायला लावावी.

पायरी 6: साखर किती, यापेक्षा किती वेळा

माझ्या सासूबाईंनी शनिवारी सकाळी केलेला शिरा मी नाकारू शकले नाही. "अगं, दाताला लागतसुद्धा नाही," असे म्हणत त्यांनी वाटी पुढे केली, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. आम्ही शेवटी असा तोडगा काढला की शिरा दुपारच्या जेवणाबरोबरच खायचा, लहान वाटीभर, आणि लगेच चूळ भरून ब्रश करायचा. गोड पदार्थ खाल्ल्यावर तोंडात आम्ल तयार होते आणि लाळेला ते निवळवायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. वाटीभर शिरा एकदाच खाल्ला तर दातांवर असा एक हल्ला होतो. तोच शिरा दिवसभर चमचा-चमचा खाल्ला, किंवा मिल्कशेकचा ग्लास अभ्यास करताना तासभर घोट-घोट घेतला, तर लाळेला निवळवायला वेळच मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत असावी. शाळकरी मुलासाठी 5 टक्के म्हणजे ढोबळमानाने दिवसाला पाच-सहा चहाचे चमचे. दुधात घालायची चॉकलेटी पावडर, फळांच्या स्वादाचे तयार दही, टोमॅटो केचप आणि डब्यातला फळांचा रस यांत ही साखर नकळत जाते. पाकिटावरच्या पोषण तक्त्यात अतिरिक्त साखर किती ग्रॅम लिहिली आहे ते पाहून चारने भागले की चमचे कळतात.

फळ रसापेक्षा अख्खे बरे. पिकलेले केळे कुस्करून, पपई, किंवा आंब्याच्या दिवसांत रस न करता आंब्याच्या मऊ फोडी, हे जेवणाबरोबर द्यावे. खजूर, मनुका आणि आंबापोळी नैसर्गिक असली तरी वायरीला चिकटतात, म्हणून या आठवड्यात ती बाजूला.

आणखी एक जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉलचे पातळ औषध दिले तर त्यातही बऱ्याचदा साखर असते, आणि ते मुख्यतः झोपण्यापूर्वी दिले जाते. औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, पण ते आधी देऊन मग ब्रश करायचा एवढा क्रम पाळावा. रात्री ब्रश केल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

पायरी 7: शाळेचा डबा

सोमवारी डब्याचा प्रश्न उभा राहतो. डबा थंड असतो, गरम करता येत नाही, आणि मधली सुट्टी वीस मिनिटांची असते. दुखऱ्या दातांनी मूल त्या वेळात अर्धेच खाते. आमच्याकडे दहीभात चालला. त्याची युक्ती जुनीच आहे: सकाळी मऊ भात कोमट दुधात घोटायचा आणि त्यात एकच चमचा दही घालायचे, म्हणजे दुपारपर्यंत दही लागते पण भात आंबट होत नाही. मीठ आणि जिरेपूड घालावी, डाळिंबाचे दाणे नकोत. दुसऱ्या दिवशी मुगाचे मऊ धिरडे, बोटभर पट्ट्या कापून, सोबत दही. तूप-मीठ लावलेल्या पोळीचा रोल मुलांना सोपा वाटतो, पण तो पुढच्या दातांनी ओढून तोडावा लागतो आणि पुढची ब्रॅकेटे नेमकी त्यानेच सुटतात.

डब्यासोबत पाण्याची बाटली आणि खाऊन झाल्यावर दोन वेळा जोरात चूळ भरायची सूचना, एवढे शाळेत पुरते. घरी आल्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन ब्रॅकेटच्या वरून आणि खालून, तिरका धरून, प्रत्येक दात स्वच्छ करावा. मग आरशासमोर टॉर्च धरून मुलालाच शोधू द्यावे. आमच्या मुलीला मोहरीचा दाणा सापडल्यापासून हा तपास स्वतः करायची हौस लागली.

केव्हा थांबून डॉक्टरांना विचारावे

ब्रॅकेट वायरीवर सरकत किंवा फिरत असेल, वायरीचे टोक गालात घुसत असेल, तर मेण लावून क्लिनिकला फोन करावा. ब्रॅकेट घरी चिकटवायचा किंवा वायर कापायचा प्रयत्न करू नये. दुखणे आठवड्यानंतरही वाढतच असेल, हिरडीला एका जागी फुगीर सूज असेल किंवा ताप असेल, तर ते तारांचे नेहमीचे दुखणे नाही. दात कोरडा करून पाहिल्यावर ब्रॅकेटच्या कडेला पांढरट, निस्तेज पट्टा दिसला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवावे.

साधारण चार ते सहा आठवड्यांनी वायर बदलतात किंवा घट्ट करतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस पुन्हा दुखते, पहिल्यापेक्षा कमी. आम्ही आता त्या दिवसाची अपॉइंटमेंट शक्यतो शुक्रवारी दुपारी घेतो, सकाळीच मुगाची डाळ भिजवून ठेवतो, आणि घरी आल्याबरोबर, दुखायच्या आत, तिला खिचडी वाढतो. सासूबाई त्या दिवशी उकड करतात, आणि स्वतःच्या वाटीत थोडी साखर भुरभुरून खातात.